बीटा ०.४८ की १.१?

*ताई, मी मुलुंडला राहतो, वय ५६. एका छोट्या रसायन कंपनीचा शेअर तीन वर्षं बघतोय. पीएफमधून सुटलेले सहा लाख त्यात घालावेत असं मनात आहे. एक्सेलमध्ये आधी शेअरचा भाव आणि निफ्टी यांचं रिग्रेशन केलं, आर-स्क्वेअर ०.८६ आला, वाटलं जमलं. पुतण्या म्हणाला, भाव नाही, रोजचे परतावे घ्यायचे. ते घेतले तर बीटा ०.४८, आर-स्क्वेअर ०.०३ आणि इंटरसेप्ट रोजचा ०.०६ टक्के. म्हणजे बाजाराच्या निम्मी जोखीम आणि वर वर्षाला १५ टक्के अल्फा, असंच ना? पण एका वेबसाइटवर याच शेअरचा बीटा १.१ दाखवतात. खरा कुठला? फाइल जोडली आहे.*
*— एक वाचक, मुलुंड*

नमस्कार,

फाइल उघडून सगळे रकाने पाहिले. आकडेमोडीत चूक नाही. SLOPE मध्ये आधी शेअर आणि मग निफ्टी हा क्रमसुद्धा तुम्ही बरोबर ठेवलाय. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींपैकी बऱ्याच तिथेच उलट्या झालेल्या असतात. बोनस-स्प्लिटसाठी भाव सुधारून घेतलेले आहेत, हेही तपासलं: परताव्याचा रकाना लहानापासून मोठा असा लावला, तर कुठेही उणे ५० किंवा उणे ८० टक्के असा राक्षस दिसला नाही. तरीही ०.४८ वर मी विश्वास ठेवणार नाही. माझ्या हिशोबाने तुमच्या शेअरचा बीटा ०.९ च्या आसपास आहे, आणि तोही बऱ्यापैकी धूसर. १५ टक्के अल्फाचा, म्हणजे बाजाराच्या वाट्यापलीकडे शेअरने स्वतः दिलेल्या परताव्याचा, तर विचारच सोडा. कसं ते सांगते.

आधी तो ०.८६ चा आर-स्क्वेअर, म्हणजे एकाच्या चढउतारातला दुसऱ्याशी जुळणारा हिस्सा, बाजूला काढू. पुतण्याचं बरोबर आहे. तीन वर्षांत निफ्टी वर गेला, तुमचा शेअरही वर गेला. वर जाणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आर-स्क्वेअर छान येतो. आमच्या सोसायटीच्या आवारातल्या नारळाची उंची आणि निफ्टी यांचंही रिग्रेशन झकास जमेल, पण निफ्टी पडला म्हणून नारळ काही वाकत नाही. भावांच्या रिग्रेशनमधला ०.८६ फक्त एवढंच सांगतो की दोघांची तीन वर्षांची दिशा एक होती. आपल्याला हवंय ते वेगळं: ज्या दिवशी बाजार हलला त्या दिवशी हा शेअर किती हलला? त्यासाठी भावातला टक्केवारीतला बदल, म्हणजे परतावाच घ्यावा लागतो. आणि तो घेतल्यावर आर-स्क्वेअर ०.०३ वर आला म्हणून घाबरायचं कारण नाही. एकट्या छोट्या शेअरचा रोजचा आर-स्क्वेअर असाच असतो.

आता ०.४८ कडे. बीटाचा अर्थ, निफ्टी सरासरी १ टक्का हलतो तेव्हा शेअर किती टक्के हलतो. पण ही 'सरासरी' सगळ्या दिवसांना सारखं मत देत नाही. रिग्रेशनमध्ये एखाद्या दिवसाचं वजन निफ्टी त्या दिवशी किती हलला याच्या वर्गाइतकं असतं. निफ्टी ०.२ टक्के हललेले शंभर दिवस मिळून जेवढं बोलतात, तेवढं २ टक्के हललेला एकच दिवस बोलतो. तुमच्या फाइलमध्ये ७४२ दिवस आहेत. निफ्टीच्या परताव्यांच्या वर्गांची बेरीज केली तर साधारण ५३६ भरते. त्यातले ५७ एकट्या तीन दिवसांचे आहेत: २०२४ च्या जूनमधली ३, ४ आणि ५ तारीख. लोकसभेच्या निकालाचे दिवस. म्हणजे तुमच्या बीटाचा दहावा हिस्सा त्या तीन दिवसांनी ठरवला. मग त्या दिवसांत तुमच्या शेअरने काय केलं ते जवळून बघायलाच हवं. तुमच्याच फाइलमधल्या त्या आठवड्याच्या ओळी इथे उतरवते:

| तारीख | निफ्टी (%) | तुमचा शेअर (%) |
|---|---|---|
| ३ जून | +३.२५ | +१.२ |
| ४ जून | −५.९३ | −५.० |
| ५ जून | +३.३६ | −२.६ |
| ६ जून | +०.८९ | +४.४ |
| ७ जून | +२.०५ | +४.८ |

३ तारखेला एक्झिट पोलवर निफ्टी उसळला, तुमचा शेअर जेमतेम हलला. ४ तारखेला निकाल लागत गेले तसा निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला. तुमच्या शेअरला त्या आठवड्यात ५ टक्क्यांचं सर्किट होतं, म्हणजे एका दिवसात भाव ५ टक्क्यांपलीकडे हलू शकत नव्हता, त्यामुळे तो बरोबर उणे ५ वर जाऊन लोअर सर्किटला अडकला. विकणारे रांगेत उभे, घेणारा कोणी नाही, व्यवहार ठप्प. त्या दिवशीचा खरा भाव आणखी खाली होता, पण तो नोंदवायला जागाच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत राहिलेल्यांनी विकलं आणि शेअर आणखी २.६ टक्के उतरला, तोही निफ्टी तिकडे सव्वातीन टक्क्यांहून जास्त वर जात असताना! रिग्रेशनला यातली हकीकत ठाऊक नसते. त्याला एवढंच दिसतं की बाजार मोठ्ठा वर गेला आणि हा शेअर खाली आला. त्याने बीटा खाली ओढला. मग ६ आणि ७ तारखेला शेअरने सगळी भरपाई केली, पण त्या दिवशी निफ्टीची हालचाल तुलनेने लहान होती, म्हणून त्या भरपाईचं वजन कमी पडलं.

आता तोच आठवडा एकच परतावा म्हणून बघा. ३१ मेच्या शुक्रवारी निफ्टी २२,५३० होता, ७ जूनच्या शुक्रवारी २३,२९०. आठवड्याचा परतावा अधिक ३.४ टक्के. तुमच्या शेअरच्या पाच दिवसांचे परतावे एकमेकांत गुणले तर अधिक २.५ टक्के येतात. रोजच्या हिशोबात बाजाराच्या उलट पळणारा शेअर आठवड्याच्या हिशोबात बाजाराबरोबर चालतोय.

हे फक्त निवडणुकीच्या आठवड्यात होत नाही. तुमच्या फाइलमध्ये ५८ दिवस असे आहेत की शेअरचा परतावा चक्क शून्य आहे. निफ्टीतल्या एखाद्या मोठ्या बँकेच्या शेअरमध्ये असा दिवस वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका सापडेल. भाव न हलण्याचं कारण हे की त्या दिवशी फार कोणी सौदाच केला नाही, किंवा शेवटचा सौदा दुपारी कधीतरी झाला आणि बाजार त्यानंतर हलला. बाजाराची बातमी तुमच्या शेअरपर्यंत पोहोचते, पण उशिरा. कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं की मुलुंडच्या फलाटावर गर्दी लगेच दिसत नाही, अर्ध्या तासाने दिसते. दोन्ही ठिकाणांची त्याच मिनिटाची नोंद घेऊन बसलात तर म्हणाल, कुर्ल्याचा मुलुंडशी फारसा संबंध नाही. ज्याला रोजच्या गाडीने जायचंय तो असं म्हणणार नाही.

यात मी स्वतः पडले आहे. तीसेक वर्षांपूर्वी फोर्टातल्या एका दलाली पेढीत नवखी असताना एका छोट्या औषध कंपनीचा बीटा ०.४ काढून मी अहवालात बाणेदारपणे लिहिलं होतं, 'बचावात्मक शेअर'. वरच्या साहेबांनी अहवाल वाचला, एकच प्रश्न विचारला: "रोज सौदे किती होतात?" मला माहीत नव्हतं. बघितलं तर कित्येक दिवशी दहासुद्धा नव्हते. अहवाल परत आला. तेव्हापासून कुठलाही छोटा बीटा दिसला की मी आधी भावकॉपीतला, म्हणजे शेअर बाजाराच्या रोजच्या भावपत्रकातला, सौद्यांच्या संख्येचा रकाना उघडते, मग पुढचं.

तर यावर करायचं काय? दोन वाटा आहेत, मी दोन्ही करून पाहते आणि उत्तरं जुळतात का ते बघते. पहिली सोपी: रोजचे सोडून आठवड्याचे परतावे घ्यायचे. शुक्रवार ते शुक्रवार, शुक्रवारी सुट्टी असेल तर आदल्या दिवसाचा बंद भाव. तुमच्या फाइलमधून १५६ आठवडे निघाले आणि बीटा आला ०.७९. दिवसाभराचा उशीर आठवड्याच्या पोटात जिरून जातो, म्हणून आकडा वर आला.

दुसरी वाट थोडी जास्त मेहनतीची, पण रोजची माहिती वाया घालवत नाही. शेअरच्या आजच्या परताव्यासमोर निफ्टीचा आजचा, कालचा आणि परवाचा असे तीन परतावे ठेवायचे आणि तिन्ही उतार मिळवायचे. जे काल पोहोचायला हवं होतं ते आज पोहोचलं, तर कालच्या रकान्याचा उतार ते पकडतो. तुमच्या पत्रकात C रकान्यात शेअर आहे आणि D मध्ये निफ्टी. E3 मध्ये `=D2` आणि F4 मध्ये `=D2` लिहून खाली ओढा, आणि चौथ्या ओळीपासून:

```
=LINEST(C4:C743, D4:F743, TRUE, TRUE)
```

एक सावधगिरी. LINEST उतार उलट्या क्रमाने देतं. पहिल्या ओळीत डावीकडून पहिला आकडा F चा, म्हणजे परवाचा, मग कालचा, मग आजचा, आणि शेवटी इंटरसेप्ट. हे विसरून परवाच्या उताराला आजचा समजणारे मी पाहिलेत. त्याखालच्या ओळीत प्रत्येकाची स्टँडर्ड एरर, म्हणजे तो आकडा किती इकडेतिकडे चुकू शकतो याचं माप असतं, तेही त्याच उलट्या क्रमाने.

तुमच्या माहितीवर आजचा उतार ०.४७ आला, कालचा ०.२९ आणि परवाचा ०.११. कालच्या रकान्याला काही काम नसतं तर तिथे शून्याच्या आसपास काहीतरी आलं असतं. ०.२९ आला, आणि त्याची स्टँडर्ड एरर ०.०९ आहे, म्हणजे तिपटीहून मोठा. उशीर खरा आहे, याचा हा पुरावा. परवाचा ०.११ मात्र काठावरचा आहे, त्याच्या मागे आणखी तेरवा-नेरवा जोडत बसण्यात अर्थ नाही, नुसता गोंधळ वाढेल. तिघांची बेरीज ०.८७. आठवड्याच्या ०.७९ शी बऱ्यापैकी जुळते. आठवड्याचा थोडा कमी येणं अपेक्षितच आहे, कारण शुक्रवारची बातमी सोमवारी पोहोचते आणि आठवड्याच्या कुंपणावर तेवढी सांडते.

आता या ०.८७ भोवतीचं धुकं. तुमच्या पत्रात सगळे आकडे आहेत, फक्त स्टँडर्ड एरर नाही, आणि ती नसेल तर बीटा म्हणजे मापाच्या खुणा नसलेली पट्टी. ती कशाने ठरते ते लक्षात ठेवायला सोपं आहे: शेअरची स्वतःची, बाजाराशी संबंध नसलेली उसळण जितकी मोठी तितकी एरर मोठी, आणि बाजार जितका जास्त हलला, नोंदी जितक्या जास्त, तितकी ती लहान. तुमच्या शेअरची स्वतःची उसळण रोजची २.१६ टक्के आहे, निफ्टीची ०.८५. त्यावरून रोजच्या साध्या बीटाची एरर ०.०९ येते, तीन रकान्यांच्या बेरजेची साधारण ०.१६. दोन एरर इकडे, दोन तिकडे धरल्या तर खरा बीटा ०.५५ ते १.१९ मध्ये कुठेही असू शकतो. आठवड्याच्या बीटाची एरर ०.२० आहे, म्हणजे ०.३९ ते १.१९. उत्सुकता म्हणून महिन्याचेही परतावे घेतले. ३६ महिने, बीटा ०.९४, पण एरर ०.४७! शून्यापासून १.८८ पर्यंत काहीही. उशीर पुरता गेला, पण नोंदीच उरल्या नाहीत.

इथे तुमच्या १.१ चं कोडं बरंचसं सुटतं. आपल्या तिन्ही पट्ट्यांत तो आरामात बसतो. वेबसाइटवरच्या बीटाशेजारी तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघा: किती वर्षांचा, रोजचा की महिन्याचा, आणि समोर कुठला निर्देशांक. पुष्कळ ठिकाणी पाच वर्षांचे मासिक परतावे घेतात. समोर निफ्टीऐवजी सेन्सेक्स असेल तर फार फरक पडत नाही, पण स्मॉल कॅप निर्देशांक असेल तर तो आकडा तुमच्या आकड्याशेजारी ठेवताच येत नाही. आणि मासिक हिशोबाच्या खिडकीत २०२० चा मार्च येत असेल तर सांभाळून. त्या महिन्यात निफ्टी २३ टक्के पडला आणि एप्रिलमध्ये जवळजवळ १५ टक्के चढला. साठ ठिपक्यांमध्ये ते दोन ठिपके दोन टोकांना बसून सगळी रेघ आपल्याकडे वळवतात. त्या खिडकीतून ते दोन महिने बाहेर पडले की कंपनीत काहीही न बदलता बीटा बदलतो, आणि लोक कारणं शोधत बसतात.

शेवटची एक दुरुस्ती. मोजलेले बीटा काळाबरोबर १ कडे सरकतात, हे मार्शल ब्लूम यांनी १९७१ मध्ये दाखवलं. त्यावरून रूढ झालेला नियम असा: मोजलेल्या बीटाचे दोन तृतीयांश घ्या आणि त्यात एक तृतीयांश मिळवा. ०.८७ चे दोन तृतीयांश ०.५८, अधिक ०.३३, झाले ०.९१. म्हणून सुरुवातीला मी ०.९ म्हटलं.

आता अल्फा. तुम्ही इंटरसेप्टला २४८ दिवसांनी गुणलंत आणि १५ टक्के आले. गुणाकार बरोबर, पण त्या इंटरसेप्टमध्ये अल्फाशिवाय आणखी एक पाहुणा बसलाय. असं समजा, बीटा ०.४८ म्हणजे जणू तुमचे ४८ पैसे निफ्टीत आहेत आणि उरलेले ५२ पैसे ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलात. त्या ५२ पैशांवरचं व्याज कोणालाही घरबसल्या मिळतं, त्यात शेअरची काही कर्तबगारी नाही. पण तुम्ही परताव्यांतून बिनजोखमीचा दर वजा न करताच रिग्रेशन केलंत, त्यामुळे ते व्याज गुपचूप इंटरसेप्टमध्ये जमा झालं. दर वर्षाला ६.७ टक्के धरला तर रोजचा ०.०२७ टक्के. त्याचे ५२ टक्के म्हणजे ०.०१४. ०.०६ मधून तेवढे गेले, उरले ०.०४६, वर्षाचे ११.४ टक्के. यासाठी दोन्ही रकान्यांतून आधीच रोजचा दर वजा करून मग रिग्रेशन करायचं. बीटा जवळजवळ तोच राहतो, इंटरसेप्ट मात्र खऱ्या अर्थाने अल्फा होतो.

पण ते ०.४८ चं झालं. बीटा कमी मोजला की अल्फा आपोआप फुगतो, कारण बाजाराने दिलेलं श्रेय शेअरच्या नावावर चढतं. त्या तीन वर्षांत निफ्टीने ट्रेझरी बिलापेक्षा रोज सरासरी ०.०३५ टक्के जास्त दिले. बीटा ०.४८ ऐवजी ०.८७ धरला तर त्यातला आणखी ०.३९ पट, म्हणजे रोज ०.०१४ टक्के, बाजाराच्या खात्यात परत जातात. आता उरले ०.०३२ टक्के. वर्षाचे ८. एकाही नव्या माहितीशिवाय तुमचे १५ टक्के ८ वर आले.

आणि ८ तरी खरे आहेत का? इथेच खरी गोम आहे. शेअरची स्वतःची उसळण वर्षाच्या हिशोबात ३४ टक्के आहे. तीन वर्षांच्या सरासरीची एरर म्हणजे ३४ भागिले तीनचं वर्गमूळ, जवळपास २० टक्के. तुमचा अल्फा ८ अधिक-उणे ४० आहे. उणे ३२ पासून अधिक ४८ पर्यंत. या पट्टीत उत्तम कंपनीही बसते आणि भिकारही. ८ टक्क्यांचा अल्फा दोन एररच्या पलीकडे जाऊन 'हा नुसता योगायोग नाही' असं म्हणण्याइतका स्पष्ट दिसायला वर्षं किती लागतील, तेही काढून बघितलं. ७२! तोवर तुम्ही १२८ वर्षांचे व्हाल, आणि कंपनी तीच राहिलेली असेल का, देव जाणे.

तुम्ही म्हणाल, मग रोजच्या ऐवजी मिनिटामिनिटाचे भाव घेऊ, नोंदी वाढतील. बीटाला त्याने मदत होते (तुमच्यासारख्या सुस्त शेअरमध्ये तीही नाही). अल्फाला काडीचीही नाही. सरासरी परतावा शेवटी पहिल्या आणि शेवटच्या भावावर ठरतो, मधले भाव बेरजेत एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून अल्फाची एरर नोंदींच्या संख्येने नाही, वर्षांच्या संख्येनेच कमी होते. मायकेल जेन्सन यांनी १९६८ मध्ये हा इंटरसेप्ट मोजायला घेतला तो म्युच्युअल फंडांसाठी, ११५ फंडांसाठी. पन्नास-शंभर शेअर एकत्र असलेल्या फंडात सुट्या शेअरांच्या उड्या एकमेकींना मारतात, फंडाची स्वतःची उसळण बरीच लहान राहते, तिथे अल्फा निदान दिसण्याची आशा असते. एकट्या शेअरवर ते हत्यार चालवणं म्हणजे किराणा दुकानाच्या तराजूवर मंगळसूत्रातला मणी तोलणं.

यात एक गोष्ट तुमच्या फाइलमध्ये नाही, तुमच्या पत्रात आहे. हा शेअर तुम्ही का बघत होतात? तीन वर्षं डोळ्यांसमोर चढत होता म्हणूनच ना? मुलुंडमध्ये बसून कोणी पडत्या शेअरची फाइल इतक्या मायेने बनवत नाही. हजारो शेअरांतून चढलेला निवडायचा आणि मग त्याचा अल्फा मोजायचा, तर तो अधिक येणारच. ही निवड रिग्रेशनच्या आधी झालेली असते, त्यामुळे कुठल्याही स्टँडर्ड एररमध्ये ती दिसत नाही.

राहिली 'बाजाराच्या निम्मी जोखीम'. बीटा अगदी ०.४८ असता तरी हे वाक्य चुकलंच असतं, आणि चूक तुमच्याच आर-स्क्वेअरमध्ये लिहिलेली आहे. आठवड्याच्या हिशोबात आर-स्क्वेअर ०.०९ आला. म्हणजे या शेअरच्या चढउताराचा ९ टक्के भाग बाजाराशी जोडलेला आहे आणि ९१ टक्के त्याचा स्वतःचा: कच्च्या मालाचे भाव, एखादी मोठी ऑर्डर, प्रवर्तकाने गहाण टाकलेले शेअर, कारखान्यातली आग. बीटा फक्त त्या ९ टक्क्यांबद्दल बोलतो. तुमच्या सहा लाखांत मांडून बघा. बाजारामुळे येणारा वर्षाचा हेलकावा साधारण ७० हजारांचा. शेअरच्या स्वतःच्या भानगडींमुळे येणारा, दोन लाखांचा. आणि हेलकावा म्हणजे नेहमीसारख्या वर्षातली गोष्ट, वाईट वर्षात याच्या दुप्पटही जातं. पन्नास शेअरांच्या टोपलीत हा एक असता तर ते दोन लाख बाकीच्यांत विरून गेले असते आणि मग बीटाच महत्त्वाचा ठरला असता. एकट्या शेअरमध्ये पीएफचे पैसे घालणाऱ्या माणसाला बीटा जवळजवळ काहीच सांगत नाही.

म्हणून सहा लाखांबद्दल माझं मत, नको. शेअर आवडलाच असेल तर तीस-चाळीस हजार घाला, म्हणजे तो निम्मा झाला तरी घरात त्यावरून वाद होणार नाही. आणि घेण्याआधी भावकॉपीत रोजचे सौदे आणि उलाढाल किती आहे ते महिनाभर लिहून ठेवा. ज्या कारणाने तुमचा बीटा ०.४८ आला, त्याच कारणाने विकायच्या दिवशी तुम्ही ४ जूनच्या त्या रांगेत उभे असाल.

पुतण्याला सांगा, LINEST ची दुसरी ओळ त्याने दाखवायला हवी होती.